रिव्ह्यूअरचा एक मुद्दा मान्य, एक अमान्य: उत्तराचं पत्र, वेळ आणि खर्च

जर्नलकडून 'मेजर रिव्हिजन'चा मेल आला की पहिला प्रश्न पैशांचा पडतो, म्हणून त्याचं उत्तर आधी. आरोग्य, शेती, जीवशास्त्र अशा विषयांतली नेहमीची जर्नलं सुधारलेला पेपर आणि उत्तराचं पत्र घ्यायला काही आकारत नाहीत. अर्थशास्त्र आणि वित्त विषयांतली काही जर्नलं पेपर पाठवतानाच फी घेतात, पण ती त्यांच्या संकेतस्थळावर आधीपासून लिहिलेली असते. आधी कुठेही न लिहिलेली 'रिव्हिजन फी' किंवा 'रिव्ह्यूअर मानधन' मागणारा मेल मध्येच आला, तर पैसे भरू नका. जर्नल खरं आहे का ते आधी तपासा.

खरा खर्च तीन ठिकाणी होतो: तुमचे दोन-तीन आठवडे, आकडेवारीची मदत आणि पेपर स्वीकारल्यानंतरचं प्रकाशनशुल्क. पहिले दोन पत्र कसं लिहिता त्यावर ठरतात. तिसरा खर्च मात्र पत्र पाठवण्याआधीच माहीत करून घ्यायचा. त्याबद्दल पुढे.

मेल पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत

मुदत मेलमध्येच असते आणि ती जर्नलागणिक बदलते. 'प्लॉस वन' साधारण 45 दिवस देतं. एमडीपीआयच्या जर्नलांत मोठ्या दुरुस्तीलाही साधारण 10 दिवसच मिळतात. तेवढ्यात काम होणार नसेल तर मुदत संपण्याआधी संपादकीय कार्यालयाला दोन ओळींचा मेल करा: पेपरचा क्रमांक, किती दिवस हवेत, कशासाठी. वाढ बहुधा मिळते. मुदत उलटल्यावर पाठवलात तर पेपर 'नवा' धरला जाऊ शकतो. मग नवा क्रमांक, कदाचित नवे रिव्ह्यूअर, आणि तुमचे सगळे महिने पुन्हा शून्यावर.

कागद बहुतेक ठिकाणी सारखेच लागतात: उत्तराचं पत्र, बदल दिसणारी प्रत (ट्रॅक चेंजेस), बदल दिसत नसलेली स्वच्छ प्रत, सुधारलेले तक्ते आणि आकृत्या. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची 22 मुद्द्यांची तपासयादी पुन्हा भरा. पानांचे क्रमांक बदललेले असतात आणि हे हमखास राहून जातं. परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असेल तर उत्तराच्या पत्रातही तुमचं, कॉलेजचं आणि नैतिकता समितीचं नाव येऊ देऊ नका. वर्डची फाइलही स्वतःत लेखकाचं नाव साठवते. पाठवण्याआधी Inspect Document चालवा.

पोर्टलवर उत्तर चिकटवायची चौकट असेल तर तिथे रंग, ठळक अक्षरं, तक्ते उडून जातात. 'आमची उत्तरं निळ्या रंगात आहेत' असं लिहून भागत नाही. प्रत्येक शेऱ्याआधी 'शेरा 1.1' आणि प्रत्येक उत्तराआधी 'उत्तर' असं सरळ लिहा.

उदाहरण घेऊ

आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत, पण असा पेपर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या पीएसएम विभागातून निघू शकतो. बारा आश्रमशाळा, प्रत्येकीतून 40 मुली, एकूण 480. सहा शाळांत आठवड्याची लोहाची गोळी शिक्षकांच्या समोर गिळायची. उरलेल्या सहांत गोळ्या नुसत्या वाटायच्या. रक्त तपासल्यावर पहिल्या गटात 240 पैकी 118 मुलींना ॲनिमिया, म्हणजे 49.2 टक्के. दुसऱ्या गटात 240 पैकी 132, म्हणजे 55 टक्के. फरक 5.8 टक्क्यांचा, पी-व्हॅल्यू 0.20. लेखकांनी सारांशात लिहिलं, 'शिक्षकांच्या देखरेखीचा परिणाम होत नाही.'

इतर शेऱ्यांसोबत हे दोन आले. पहिल्या रिव्ह्यूअरने लिहिलं: निष्कर्ष नकारात्मक आहे, तेव्हा अभ्यासाची पॉवर आता मोजून द्या. दुसऱ्याने लिहिलं: एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात, विश्लेषणात शाळेचा विचार केलेला नाही.

दुसरा शेरा बरोबर आहे. पहिला चुकीचा आहे, पण त्याच्यामागची शंका खरी आहे. पत्राचं सगळं कौशल्य या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे.

नाकारायचं काय, हे ठरवताना स्वतःला प्रामाणिक प्रश्न विचारा: रिव्ह्यूअर मागतो ते केल्याने पेपर चुकेल, की फक्त आपलं काम वाढेल? काम वाढणार असेल तर तो नकाराचा मुद्दा होत नाही. समजा त्याने सगळ्या मुलींचं फेरिटिन मोजायला सांगितलं. तपासणी योग्यच आहे. पण त्यासाठी नव्याने रक्त घ्यावं लागेल, नैतिकता समितीची सुधारित मंजुरी लागेल, पालकांची संमती पुन्हा लागेल, आणि दरम्यान मुली पुढच्या इयत्तेत गेलेल्या असतील. अशा वेळी 'हे शक्य नाही, म्हणून मर्यादांत स्पष्ट लिहिलं आहे' असं उत्तर द्या. ते रिव्ह्यूअरचं खंडन आहे असा आव आणू नका.

आधी मान्य केलेला मुद्दा पूर्ण करा

बहुतेक जण शेरे आले त्या क्रमाने उत्तरं लिहायला बसतात. इथे तसं केलंत तर दोनदा काम पडेल. शाळांचा विचार केल्यावर आकडे बदलणार आहेत, आणि पहिल्या रिव्ह्यूअरला द्यायचं उत्तर त्या बदललेल्या आकड्यांवरच उभं राहणार आहे. म्हणून विश्लेषण आधी, मग मान्य केलेल्या मुद्द्याचं उत्तर, आणि नकार सगळ्यात शेवटी.

बदल किती मोठा असेल याचा अंदाज पाच मिनिटांत घेता येतो. त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात:

```
DEFF = 1 + (m - 1) × ICC
```

यात m म्हणजे एका शाळेतल्या मुली, 40. ICC म्हणजे एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या किती आहेत त्याचं माप. ते तुमच्या डेटातूनच निघतं. समजा ते 0.03 निघालं. दिसायला नगण्य. पण 39 ने गुणलं की 1.17, त्यात 1 मिळवला की 2.17. म्हणजे तुमच्या 480 मुली माहितीच्या हिशोबाने साधारण 221 मुलींइतक्याच भरतात.

याचा, आणि शाळा बाराच असल्याने लागणाऱ्या टी-वितरणाचा, परिणाम अनिश्चिततेवर होतो. एकूण ॲनिमियाचं प्रमाण 52.1 टक्के होतं, तेच राहतं. पण त्याभोवतीचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 47.6 ते 56.6 होता, तो 44.7 ते 59.5 असा रुंदावतो. दोन गटांतला फरक 5.8 हाच राहतो. त्याचा इंटरव्हल मात्र आधी 'देखरेखीने 14.8 टक्के घट' पासून '3.1 टक्के वाढ' पर्यंत होता, तो आता '20.8 टक्के घट' पासून '9.1 टक्के वाढ' पर्यंत पसरतो. पी-व्हॅल्यू 0.20 वरून 0.40 वर जाते.

हे करायला पैसे लागत नाहीत. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं survey पॅकेज एकूण प्रमाणाचं काम दोन ओळींत करतं:

```r
d <- svydesign(ids = ~school, data = df)
svyciprop(~anemia, d, method = "mean")
```

वजनं दिली नाहीत म्हणून एक सूचना येईल. प्रत्येक शाळेचा पट सारखा नसेल तर ती सूचना गंभीरपणे घ्या.

इथे एक घसरण नेहमीची आहे. 'शाळेचा विचार करा' म्हटल्यावर काही जण साध्या रिग्रेशनमध्ये शाळेचं नाव आणखी एक घटक म्हणून घालतात. पण देखरेख शाळेलाच जोडलेली आहे. शाळा माहीत असली की गट माहीतच असतो. त्यामुळे गटाचा परिणाम वेगळा निघूच शकत नाही. सॉफ्टवेअर गुपचूप एखादा घटक गाळतं आणि तरीही छान तक्ता छापून देतं. तक्त्यात एखाद्या शाळेसमोर रिकामी जागा किंवा NA दिसलं की हेच झालं आहे असं समजा.

उत्तर बरोबर आलं का हे एक्सेलवरही पडताळता येतं. प्रत्येक शाळेची ॲनिमियाची टक्केवारी काढा, म्हणजे बारा आकडे होतील. सहा विरुद्ध सहा असा साधा टी-टेस्ट लावा. प्रत्येक शाळेतल्या मुलींची संख्या सारखी आहे, त्यामुळे इंटरव्हल मोठ्या विश्लेषणाच्या जवळपास यायला हवा. फारच अरुंद आला तर कुठेतरी 480 मुली पुन्हा स्वतंत्र मोजल्या गेल्या आहेत.

आकडेवारीतज्ज्ञाची मदत हवी असेल तर आधी स्वतःच्या कॉलेजात विचारा. पीएसएम विभागात सांख्यिकीचे व्याख्याते असतात आणि एवढं काम बहुधा फुकट होतं. बाहेर दिलंत तर दर तासाचा आहे की कामाचा, हे लेखी घ्या. 'रिव्ह्यूअर पुन्हा काही म्हणाला तर दुसरी फेरी यातच आहे का?' हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. छुपा खर्च तिथेच निघतो. कोड आणि आउटपुट दोन्ही तुमच्याकडे आले पाहिजेत. नुसता तक्ता घेऊ नका. आणि उपकार म्हणून तज्ज्ञाचं नाव लेखकांत घालण्याआधी थांबा. रिव्हिजनच्या टप्प्यावर लेखक वाढवला की जर्नल कारण विचारतं आणि सगळ्या लेखकांच्या सह्यांचा अर्ज मागतं. एक सहलेखक परदेशात आणि एक निवृत्त असला की मुदत तिथेच संपते. विश्लेषणाची आखणी आणि लेखन त्यांनी खरोखर केलं असेल तर अर्ज भराच. नाहीतर आभारांत नाव द्या, त्यांना विचारून.

आता मान्य केलेल्या मुद्द्याचं उत्तर. पत्र जर्नलच्या भाषेत जाईल, ढाचा असा:

'शेरा 2.1: विश्लेषणात शाळा हा गट विचारात घेतलेला नाही.

उत्तर: आक्षेप बरोबर आहे. निवड शाळांची झाली होती आणि आम्ही मुली स्वतंत्र धरल्या होत्या. आता सर्व विश्लेषण शाळा हा गट धरून पुन्हा केले आहे. ॲनिमियाचे प्रमाण 52.1 टक्के तेच आहे; त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 47.6–56.6 होता, तो आता 44.7–59.5 आहे. गटांतील फरकाचा इंटरव्हलही रुंदावला आहे. बदल: सारांश, ओळी 14–17, पद्धती, ओळी 132–141, तक्ते 2 आणि 3, चर्चा, ओळी 248–255.'

जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी द्या. लपवण्यासारखं काही नाही हे त्यातून दिसतं आणि रिव्ह्यूअरला जुनी प्रत उघडावी लागत नाही. ओळींचे क्रमांक कुठल्या प्रतीतले ते पत्राच्या सुरुवातीला एकदाच सांगा. ट्रॅक चेंजेसच्या आणि स्वच्छ प्रतीतल्या ओळी जुळत नाहीत, आणि चुकीच्या ओळीवर पाठवलेला रिव्ह्यूअर पुढची उत्तरं संशयाने वाचतो.

मान्य करताना लोक अर्धवट थांबतात, ते इथे: तक्ता बदलतो, सारांश तसाच राहतो. 47.6 हा आकडा पूर्ण फाइलमध्ये शोधा. मग 56.6 शोधा. 14.8, 3.1 आणि 0.20 शोधा. जोडपत्रं आणि आकृत्यांखालच्या ओळीही शोधा. आकृतीतला आकडा चित्र असतो, तो शोधात सापडत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो.

आता नकार

पहिल्या रिव्ह्यूअरने मागितलेली गोष्ट, म्हणजे अभ्यास झाल्यावर मिळालेल्या आकड्यांवरूनच पॉवर मोजणं, सांख्यिकीत जुनी वादग्रस्त सवय आहे. होएनिग आणि हायसी यांचा 2001 चा 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मधला लेख याच विषयावर आहे आणि अशा उत्तरात त्याचाच आधार घेतला जातो. मुद्दा सोपा आहे. अशी पॉवर पी-व्हॅल्यूतूनच निघते. पी बरोबर 0.05 असेल तर ही पॉवर साधारण 50 टक्के येते. 0.20 असेल तर साधारण 25. पी जितकी मोठी तितकी पॉवर कमी, नेहमीच. म्हणजे नकारात्मक निकाल आलेल्या प्रत्येक अभ्यासाची पॉवर कमीच निघणार. तो आकडा छापून वाचकाला काहीच नवं कळत नाही.

पण रिव्ह्यूअरला खरं काय सलत होतं? 'परिणाम होत नाही' हे सारांशातलं वाक्य. त्याची शंका अशी: अभ्यास छोटा असल्यामुळे फरक दिसला नसेल, आणि तुम्ही फरक नाहीच म्हणताय. ही शंका शंभर टक्के रास्त आहे. आणि आता दुसऱ्या रिव्ह्यूअरमुळे रुंदावलेला इंटरव्हल तुमच्या हातात आहे. 20.8 टक्क्यांची घट त्यात बसते. एवढी घट खरोखर झाली तर आरोग्य खातं उद्यापासून देखरेख सुरू करेल. 9.1 टक्क्यांची वाढही त्यात बसते. म्हणजे तुमचा अभ्यास 'परिणाम नाही' असं म्हणूच शकत नाही. 'या अभ्यासावरून सांगता येत नाही' एवढंच म्हणू शकतो.

म्हणून नियम करून टाका: नकार दिलेल्या शेऱ्यासाठीही पेपरमध्ये काहीतरी बदललंच पाहिजे. बदल नसलेला नकार संपादकाला हट्ट वाटतो. बदल असलेला नकार म्हणजे शंका मान्य, उपाय वेगळा.

'शेरा 1.3: निकाल नकारात्मक असल्याने अभ्यासाची पॉवर मोजून द्यावी.

उत्तर: फरक सिद्ध न होणे आणि फरक नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आमच्या सारांशातील वाक्याने त्या एक केल्या होत्या. परीक्षकांची ही शंका योग्य आहे. मात्र अभ्यासानंतरची पॉवर आम्ही दिलेली नाही. ती पी-व्हॅल्यूवरूनच ठरते, त्यामुळे अनिश्चिततेबद्दल नवी माहिती देत नाही (होएनिग आणि हायसी, 2001). त्याऐवजी गटांतील फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, 20.8 टक्के घट ते 9.1 टक्के वाढ, सारांशात आणि तक्ता 3 मध्ये दिला आहे, आणि मोठी घट यातून नाकारता येत नाही असे चर्चेत लिहिले आहे. 'परिणाम होत नाही' हे वाक्य काढले आहे. अभ्यासापूर्वी केलेले सॅम्पल साइझचे गणित पद्धतींत जोडले आहे. बदल: सारांश, ओळी 17–19, पद्धती, ओळी 118–123, चर्चा, ओळी 256–263.'

क्रम पाहा. आधी त्याचं काय बरोबर, मग 'केलेलं नाही' हे सरळ वाक्य, मग एकच कारण एकाच आधारासह, मग त्याऐवजी काय केलं, मग ओळी. 'केलेलं नाही' हे वाक्य गुळमुळीत करू नका. 'यावर विचार करण्यात आला' असं लिहिलंत तर रिव्ह्यूअर तक्त्यात पॉवर शोधतो, सापडत नाही, आणि तुम्ही त्याला फसवलं असं त्याला वाटतं. कारणंही पाच देऊ नका. पाचातलं सगळ्यात कच्चं तो पकडेल आणि वाद तिथेच रंगेल.

सॅम्पल साइझचं गणित अभ्यासाआधी केलंच नसेल तर? मग 'केलं नव्हतं, उपलब्ध शाळांवरून संख्या ठरली' असं लिहा. आता बसून 480 येईल असं गणित जुळवू नका. नैतिकता समितीकडे दिलेल्या प्रस्तावात खरी संख्या असते आणि काही जर्नलं तो प्रस्ताव मागतात.

'परीक्षकांनी नीट वाचलेलं दिसत नाही', 'हे आमच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे' आणि 'पूर्वीच्या अनेक पेपरांतही असंच केलं आहे', ही तीन वाक्यं पत्रात नकोत. खरोखर त्याने काही वाचायचं राहिलं असेल तरी दोष आपल्या लिखाणाकडे घ्या: 'हे पुरेसं ठळक नव्हतं, आता पद्धतींच्या पहिल्या परिच्छेदात आणलं आहे.' यात खोटं काही नाही. तो चुकला तर दुसरा वाचकही चुकेल. उलट प्रत्येक उत्तराआधी 'अत्यंत मौलिक सूचनेबद्दल शतशः आभार' लिहायचीही गरज नाही. आभार पत्राच्या वर एकदा.

नकार दिला आहे हे संपादकांनाही सांगा. सोबतच्या पत्रात दोन ओळी पुरतात: 'एक सूचना सोडून सर्व स्वीकारल्या आहेत. शेरा 1.3 मधील गणित का दिलेले नाही याचे कारण उत्तरात आहे.' रिव्ह्यूअर शिफारस करतो, निर्णय संपादक घेतात. त्यांना नकार शोधायला लावू नका.

एक वेगळा प्रकार. रिव्ह्यूअर चार-पाच पेपरांचे संदर्भ जोडायला सांगतो आणि सगळे एकाच लेखकाचे निघतात. उपयोगी असेल तो जोडा, बाकीचे 'विषयाशी थेट संबंध नाही' म्हणून नम्रपणे सोडा आणि संपादकांसाठीच्या गोपनीय चौकटीत ते कळवा. संदर्भांची अशी सक्ती 'कोप'च्या, म्हणजे प्रकाशन-नैतिकतेच्या समितीच्या, नियमांत बसत नाही. संपादकांना ते ठाऊक असतं.

पैसे: पत्र पाठवण्याआधी पाहायचं

पेपर स्वीकारल्यावर बिल येतं, तेव्हा माघार महाग पडते. म्हणून जर्नलचं शुल्कपत्रक आत्ता उघडा. अनेक पूर्ण खुल्या जर्नलांत प्रकाशनशुल्क चुकत नाही. 'प्लॉस वन'सारख्या ठिकाणी ते दोन हजार डॉलरांच्या पुढे आहे, म्हणजे दीड लाख रुपयांहून बरंच जास्त. त्यावर कर लागतो का ते पाहा. स्वतःच्या क्रेडिट कार्डाने भरलंत तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क साधारण 2 ते 3.5 टक्के, आणि त्या शुल्कावर जीएसटी. कॉलेज किंवा निधी देणारी संस्था नंतर परतावा देणार असेल तर बिल कोणाच्या नावाने लागतं, हे लेखाविभागाला आधी विचारा. नाव चुकलं की परतावा अडतो, आणि प्रकाशक बिल बदलून द्यायला आठवडे घेतात.

मिश्र जर्नलांत, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या पण खुला पर्यायही देणाऱ्या ठिकाणी, फुकटचा मार्ग उपलब्ध असतो. स्वीकृतीनंतर परवान्याचा अर्ज येतो. त्यात 'ओपन ॲक्सेस' ठळकपणे समोर असतं आणि वर्गणीचा पर्याय खाली असतो. घाईत क्लिक करू नका. छापील प्रतीत रंगीत आकृती हवी का, असाही प्रश्न काही जर्नलं विचारतात. 'नाही' म्हणा, ऑनलाइन प्रतीत रंग बहुधा फुकट असतो. पानांची मर्यादा ओलांडली तर जादा पानांचं शुल्क असतं, आणि रिव्ह्यूअरांच्या मागण्या पुरवताना पेपर नेमका याच टप्प्यावर फुगतो. नवं विश्लेषण जोडपत्रात टाका.

सवलतीचं काय? गरीब देशांना आपोआप मिळणारी माफी बहुतेक प्रकाशकांकडे भारताला लागू होत नाही. वैयक्तिक अर्ज करता येतो, पण अनेक ठिकाणी तो पेपर पहिल्यांदा पाठवतानाच करावा लागतो. तो केला नसेल तर आत्ता, निर्णयाआधी, विचारून घ्या. स्वीकृतीनंतर उत्तर बहुधा 'नाही' असतं.

भाषासुधारणेची सेवा घ्यायची असेल तर दर शब्दांवर असतो. पूर्ण पेपर पुन्हा देऊ नका. बदललेले परिच्छेद आणि उत्तराचं पत्र एवढंच द्या. सहा हजार शब्दांऐवजी दीड हजार शब्दांचं बिल येईल. रिव्ह्यूअरने 'इंग्रजी सुधारा' म्हटलं असलं तरी जर्नलने सुचवलेल्याच कंपनीकडून करून घ्यायचं बंधन नसतं, आणि तिथे केलं म्हणून स्वीकृतीची खात्रीही मिळत नाही. 'रिव्ह्यूअरांची उत्तरं आम्ही लिहितो, प्रकाशनाची हमी' अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. हमी देणाऱ्याचं जर्नल एकतर बनावट असतं, नाहीतर त्याला तुमचा डेटा हवा असतो.

पाठवल्यानंतर

पोर्टलवर 'विथ एडिटर' दिसेल, मग 'अंडर रिव्ह्यू'. मोठ्या दुरुस्तीनंतर पेपर बहुधा त्याच रिव्ह्यूअरांकडे परत जातो. दोन महिने काहीच हललं नाही तर पेपरचा क्रमांक देऊन एक ओळीची विचारणा करायला हरकत नाही. दर आठवड्याला नको.

पहिला रिव्ह्यूअर पुन्हा पॉवरवर अडून बसला तर? त्याच कारणांची लांब आवृत्ती लिहू नका. उत्तर दोन वाक्यांचं ठेवा आणि संपादकांना विनंती करा की या एका मुद्द्यावर सांख्यिकी परीक्षकाचं मत घ्यावं. बरीच वैद्यकीय जर्नलं असे परीक्षक ठेवतात. त्या परीक्षकाने तुमच्या विरुद्ध मत दिलं, तर मात्र तेवढं जोडपत्रात देऊन मोकळे व्हा. तिसऱ्या फेरीत जाणारे महिने त्या एका आकड्यापेक्षा महाग असतात.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतं आणि तपासायला बहुधा 48 तास देतात. जुळणीत तक्त्यांचे स्तंभ सरकतात आणि वजाची चिन्हं गळतात. 20.8 टक्क्यांच्या घटीपुढचं वजाचं चिन्ह गेलं तर तुमच्या पेपरमध्ये देखरेखीमुळे ॲनिमिया वाढलेला दिसेल. तक्ता 2 आणि 3 मधला प्रत्येक आकडा आउटपुटशी लावून पाहा. प्रकाशनानंतरची दुरुस्ती वेगळी सूचना म्हणून छापली जाते आणि पेपरला कायमची जोडलेली राहते.